गूगलचे निकाल, सर्च हिस्टरी आणि फिल्टर बबल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंटरनेटच्या रोजच्या वापराबद्दल लिहायला लागल्यापासून मला सर्वांत जास्त पत्रं याच विषयावर येतात. ‘गूगल मला हवं तेच दाखवतं, खरं काय ते लपवतं,’ असा बहुतेकांचा सूर असतो. यातला काही भाग खरा आहे आणि बराचसा चुकीच्या ठिकाणी बोट ठेवणारा आहे. पुन:पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेक उत्तरं गूगल सर्चबद्दल आहेत, कारण प्रश्नही त्याबद्दलच येतात. यूट्यूबसाठी थेट प्रश्न ११ वर जा.

१. मी आणि माझ्या भावाने एकाच वेळी एकच शब्द शोधला. दोघांना वेगळे निकाल का दिसले?

लोक लगेच हिस्टरीवर संशय घेतात, पण आधी बाकीची कारणं तपासा. पहिलं कारण ठिकाण. तुम्ही सांगलीत आणि भाऊ ठाण्यात असेल तर ‘दंतवैद्य’, ‘पाऊस’, ‘बाजारभाव’ अशा शब्दांचे निकाल वेगळे येणारच, आणि यायलाही हवेत. दुसरं कारण भाषा. एकाचा फोन मराठीत आणि दुसऱ्याचा इंग्रजीत असेल, किंवा एकाने देवनागरीत आणि दुसऱ्याने रोमन लिपीत टाइप केलं असेल, तर यादी पार बदलते. तिसरं कारण उपकरण. मोबाइल आणि संगणक यांचं पान एकसारखं नसतं. चौथं कारण असं की गूगल सतत छोटे बदल करून पाहत असतं आणि त्याचे सर्व्हरही अनेक असतात. त्यामुळे एकाच माणसाने एकाच मिनिटात दोनदा शोधलं तरी खालच्या दोन-तीन दुव्यांची अदलाबदल होऊ शकते.

एवढं सगळं वजा केल्यावर जो फरक उरतो, त्यातला काही तुमच्या हिस्टरीमुळे असतो. तो वेगळा कसा काढायचा ते प्रश्न ४ मध्ये आहे.

२. मग हिस्टरीचा परिणाम नेमका किती होतो?

लोकांना वाटतो त्यापेक्षा कमी. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी 2013 मध्ये हे पद्धतशीर मोजलं. खऱ्या वापरकर्त्यांच्या खात्यांतून आणि कोऱ्या ब्राउझरमधून तेच शब्द त्याच वेळी शोधले आणि आपोआप होणारी अदलाबदल वजा केली. सरासरी 11.7 टक्के निकाल वैयक्तिकीकरणामुळे, म्हणजे माणूस पाहून निकाल बदलण्यामुळे, वेगळे निघाले. फरक पाडणारी मुख्य कारणं दोन होती : गूगल खात्यात लॉगइन असणं, आणि आयपी पत्त्यावरून, म्हणजे तुमच्या इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून, कळणारं ठिकाण. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, ती घरी चाचणी करताना फार उपयोगी पडते. एका सर्चचा परिणाम पुढच्या सर्चवर साधारण दहा मिनिटं राहतो.

जर्मनीत 2017 च्या संसदीय निवडणुकीआधी अल्गोरिदमवॉच या संस्थेने हजारो नागरिकांच्या ब्राउझरमधून पक्षांची आणि नेत्यांची नावं दिवसातून अनेकदा शोधली. निकाल लोकांमध्ये बऱ्याच अंशी सारखेच निघाले आणि जे फरक होते त्यांतले बरेचसे प्रादेशिक होते. गूगलनेही 2018 मध्ये सांगितलं की आपल्या सर्चमध्ये वैयक्तिकीकरण फारच थोडं आहे आणि ते मुख्यतः ठिकाणावर किंवा नुकत्याच केलेल्या सर्चवर चालतं. कंपनीच्या म्हणण्यावर एकट्यावर मी विसंबलो नसतो, पण बाहेरच्या लोकांनी केलेल्या मोजण्या त्याच दिशेला जातात.

याचा अर्थ हिस्टरी निरुपद्रवी आहे असा नाही. तुमच्या आजाराचे, कर्जाचे, भीतीचे शब्द वर्षानुवर्षं साठून राहणं हा वेगळा आणि गंभीर प्रश्न आहे. हिस्टरी बंद करायला तेवढं कारण मला पुरेसं वाटतं. फक्त ती बंद केल्याबरोबर निकाल एकदम पालटतील अशी अपेक्षा ठेवू नका.

३. ‘फिल्टर बबल’ म्हणजे काय? सर्चमध्ये तो खरंच असतो का?

हा शब्द 2011 मध्ये अमेरिकन लेखक-कार्यकर्ते एली पॅरिसर यांनी रूढ केला. तुमच्या आधीच्या क्लिकवरून यंत्रणा तुमची आवड ठरवते, त्याबाहेरचं हळूहळू दाखवायचं थांबवते, आणि काय गाळलं गेलं हे तुम्हाला कळतही नाही, असा त्यांचा इशारा होता. इजिप्तमध्ये उठाव सुरू असताना त्यांच्या दोन मित्रांनी देशाचं नाव गूगलवर शोधलं. एकाला आंदोलनाच्या बातम्या दिसल्या आणि दुसऱ्याला जवळजवळ दिसल्याच नाहीत, हे त्यांचं गाजलेलं उदाहरण.

इशारा मोलाचा होता, पण दोन मित्रांच्या उदाहरणावरून सगळ्या सर्चबद्दल निष्कर्ष काढता येत नाही. वरच्या मोजण्या त्यानंतरच्या आहेत. 2023 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात अमेरिकेतल्या 2018 आणि 2020 च्या निवडणुकांच्या काळातला अभ्यास आला. गूगलने लोकांपुढे ठेवलेल्या बातम्यांपेक्षा लोकांनी स्वतः निवडून वाचलेल्या बातम्या जास्त एकांगी होत्या, असं त्यात दिसलं. म्हणजे भिंतीतल्या बऱ्याच विटा आपण स्वतः लावतो. सर्चमध्ये त्या कशा लागतात ते प्रश्न १३ मध्ये पाहा. व्हिडिओ आणि फीड यांची गोष्ट वेगळी आहे. तिथे तुम्ही काहीच विचारलेलं नसतं, सगळी निवड यंत्रणाच करते, म्हणून तिथे हा धोका जास्त खरा आहे.

४. माझ्या निकालांवर हिस्टरीचा परिणाम होतो का, हे घरी कसं तपासू?

त्यासाठी एक संगणक, एक वायफाय आणि अनेक अर्थांचा एक शब्द पुरे. मी लोकांना ‘चेतक’ हा शब्द सुचवतो. बजाजची स्कूटर, महाराणा प्रतापांचा घोडा, हवाई दलाचं हेलिकॉप्टर आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याच्या घोडेबाजारात भरणारा चेतक महोत्सव, असे चार अर्थ त्यात सहज निघतात. यंत्रणेला निवड करावीच लागते, त्यामुळे तिचा कल उघडा पडतो.

सुरुवात करण्याआधी दहा-बारा मिनिटं काहीही शोधू नका. मग लॉगइन असलेल्या खिडकीत ‘चेतक’ शोधा आणि पहिले दहा दुवे क्रमाने लिहून घ्या. जाहिराती, नकाशाची चौकट, व्हिडिओंची पट्टी सोडून द्या, नाहीतर तुलना जमत नाही. लगेच दुसऱ्या टॅबमध्ये तोच शब्द पुन्हा शोधा आणि तीही यादी लिहा. त्यानंतर त्याच मिनिटात, त्याच वायफायवर, खाजगी म्हणजे इन्कॉग्निटो खिडकी उघडून तिसरी यादी करा.

समजा, तुमच्या पहिल्या दोन याद्यांत फक्त आठव्या-नवव्या दुव्यांची अदलाबदल झाली. मग एवढा फरक आपोआप होतो असं धरा, तो मोजायचाच नाही. आता समजा, लॉगइन असताना तिसऱ्या क्रमांकावर असलेलं गाड्यांचं संकेतस्थळ, जे तुम्ही नेहमी वाचता, ते खाजगी खिडकीत सातवं गेलं. हा फरक खात्यामुळे असण्याची शक्यता मोठी. खात्री करायला लॉगइन असलेल्या खिडकीत प्रश्न ७ मधली युक्ती वापरून चौथी यादी करा. तिथेही ते संकेतस्थळ सातव्या क्रमांकावर गेलं, तर कारण सापडलं.

आणि सगळ्या याद्यांत स्कूटरच सर्वांत वर असेल तर? ती तुमच्या आवडीमुळे वर नाही, भारतात बहुसंख्य लोक तो शब्द स्कूटरसाठी शोधतात म्हणून वर आहे. लोकप्रियतेला वैयक्तिकीकरण समजणं ही मला आलेल्या पत्रांमधली सर्वांत मोठी गफलत आहे. शेवटी ‘चेतक’ऐवजी रोमन लिपीत `chetak` टाइप करून पाहा. बहुतेक वेळा हा फरक हिस्टरीच्या फरकापेक्षा कितीतरी मोठा निघतो.

५. इन्कॉग्निटोमध्ये शोधलं की निकाल सगळ्यांसाठी सारखे येतात ना?

नाही. इन्कॉग्निटो खिडकी जुन्या कुकीज, म्हणजे संकेतस्थळांनी ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी, आणि तुमचं लॉगइन न घेता सुरू होते, म्हणून खात्यातली हिस्टरी लागू होत नाही. पण आयपी पत्ता तोच राहतो, म्हणून ठिकाण कळतं. भाषा तीच राहते. शिवाय त्या खिडकीत तुम्ही सलग शोधत राहिलात तर आधीच्या सर्चचा परिणाम पुढच्यावर होऊ शकतो. सगळ्या इन्कॉग्निटो खिडक्या बंद करेपर्यंत ते एकच सत्र असतं. एक खिडकी बंद करून दुसरी उघडली आणि तिसरी मागे चालूच असली, तर नवी सुरुवात झालेली नसते.

तसंच, इन्कॉग्निटोमध्ये ईमेल पाहायला लॉगइन केलंत की सगळं पुन्हा खात्याला जोडलं जातं. आणि ही सोय तुम्हाला संकेतस्थळांपासून लपवत नाही. यावरून अमेरिकेत गूगलवर मोठा दावा झाला होता. 2024 मधल्या तडजोडीत कंपनीने खाजगी ब्राउझिंगमधून गोळा झालेल्या नोंदी नष्ट करण्याचं मान्य केलं.

६. मी गूगलमध्ये लॉगइनच करत नाही. मग माझी हिस्टरी कशी असेल?

ती ब्राउझरमधल्या कुकीला जोडलेली असते. डिसेंबर 2009 मध्ये गूगलने लॉगइन नसलेल्यांसाठीही वैयक्तिक निकाल सुरू केले. तेव्हा कुकीच्या आधारे 180 दिवसांची सर्च हालचाल वापरली जाईल असं जाहीर केलं होतं. लॉगआउट अवस्थेत हे बंद करायचं असेल तर हा पत्ता उघडा :

```
https://www.google.com/history/optout
```

इथला खटका बंद करा. पण ही निवड कुकीमध्येच साठते. कुकीज पुसल्या की निवडही पुसली जाते आणि खटका पुन्हा चालू होतो. दर आठवड्याला कुकीज साफ करणाऱ्या काळजीवाहू लोकांच्या बाबतीत हे हमखास होतं.

७. हिस्टरी ठेवायची आहे, पण एखाद्याच सर्चपुरते ‘न शिजवलेले’ निकाल हवे आहेत. जमेल का?

जमेल, आणि बहुतेकांसाठी हाच उत्तम मार्ग आहे. निकालांच्या पानाच्या अगदी तळाशी जा. तुमच्यासाठी निकाल बदलले असतील तर तिथे तसं लिहिलेलं असतं आणि शेजारी `Try without personalization` असा दुवा दिसतो. तो दाबला की पत्त्याच्या शेवटी `pws=0` जोडलं जातं. हे तुम्ही हातानेही जोडू शकता :

```
https://www.google.com/search?q=चेतक&pws=0
```

संगणकावर क्रोम वापरत असाल तर हे कायमचं हाताशी ठेवता येतं. पत्त्याच्या पट्टीत `chrome://settings/searchEngines` टाका, साइट सर्चच्या विभागात नवीन नोंद करा, शॉर्टकट म्हणून `np` लिहा आणि पत्ता असा द्या :

```
https://www.google.com/search?q=%s&pws=0
```

यापुढे पट्टीत `np`, मग टॅब आणि मग तुमचा शब्द टाकला की झालं. फायरफॉक्समध्येही अशी शॉर्टकटची सोय आहे. मात्र `pws=0` ने ठिकाण आणि भाषा पुसली जात नाही. त्यासाठी प्रश्न ९ पाहा.

८. हिस्टरी कायमची कुठे बंद करायची? आणि बंद केली की जुनी पुसली जाते का?

`myactivity.google.com` उघडा. तिथे `Web & App Activity` हा मुख्य खटका आहे. तो बंद करताना दोन पर्याय येतात : नुसतं बंद करणं, किंवा बंद करून आधीचं पुसणं. पहिला निवडलात तर यापुढची नोंद थांबते, पण जुनी सगळी तशीच राहते. ‘मी दोन वर्षांपूर्वीच बंद केलं, तरी जुने शब्द कसे दिसतात?’ असं विचारणाऱ्यांनी हाच पहिला पर्याय निवडलेला असतो.

सगळं बंद करायचं नसेल तर तिथेच `Auto-delete` आहे. 3, 18 किंवा 36 महिन्यांपेक्षा जुनं आपोआप पुसायला लावता येतं. जून 2020 नंतर उघडलेल्या खात्यांत 18 महिने आपोआप लागू असतं, त्याआधीच्या खात्यांत ते स्वतः लावावं लागतं. ज्यांची खाती जुनी आहेत त्यांनी हे आजच पाहावं. कुणाकुणाच्या खात्यात दहा-बारा वर्षांचे शब्द पडून असतात.

हिस्टरी साठवणं आणि तिच्या आधारे निकाल बदलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीचा खटका गूगल सर्चच्या सेटिंगमध्ये वेगळा असतो. तिथे `personal` या शब्दाने सुरू होणारा पर्याय शोधा. आणि दोन्ही बंद असले तरी चालू सत्रातल्या नुकत्याच केलेल्या सर्चचा तात्पुरता वापर होऊ शकतो, हे लक्षात असू द्या.

९. ठिकाण कसं काढू? मी गावात असताना मला मुंबईचे निकाल का दिसतात?

निकालांच्या पानाच्या तळाशी गूगल तुमचं ठिकाण लिहितं आणि ते कशावरून धरलं तेही सांगतं : उपकरणावरून, आयपी पत्त्यावरून किंवा तुमच्या आधीच्या हालचालींवरून. मोबाइल डेटा वापरताना पुष्कळदा आयपी पत्ता कंपनीच्या मोठ्या शहरातल्या केंद्राचा असतो. म्हणून देवरुखात बसून तुम्हाला मुंबईचे निकाल दिसू शकतात. त्यात कुणाचा डाव नाही.

ठिकाणाचा प्रभाव कमी करायचा तर आधी ब्राउझरला दिलेली लोकेशनची परवानगी काढा. आता अंदाजे परिसर उरेल, तो आयपी पत्त्यावरून येतो आणि गूगलमध्ये तो पूर्ण बंद करण्याची सोय नाही. तुमची जोडणी दुसऱ्या ठिकाणाहून फिरवणाऱ्या व्हीपीएनने तो बदलता येतो, पण बदलणं म्हणजे काढून टाकणं नव्हे. सिंगापूरचा व्हीपीएन लावलात तर सिंगापूरचे निकाल येतील. ठिकाणाशिवायचा सर्च गूगलवर नाहीच.

परदेशातल्या वाचकांचा प्रश्न नेमका उलटा असतो : न्यू जर्सीत राहून भारतातल्यासारखे निकाल कसे पाहायचे? पूर्वी `google.co.in` उघडलं की काम व्हायचं, पण ऑक्टोबर 2017 पासून गूगल पत्त्यापेक्षा तुमचं प्रत्यक्ष ठिकाण पाहतं. आता सर्चच्या सेटिंगमध्ये निकालांचा प्रदेश भारत निवडा, किंवा पत्त्यात देश आणि भाषा जोडा :

```
https://www.google.com/search?q=चेतक&gl=in&hl=mr&pws=0
```

१०. दुसरं सर्च इंजिन वापरलं तर फिल्टर बबल जाईल का?

हिस्टरीपुरता जाईल. डकडकगो वापरकर्त्याची सर्च हिस्टरी ठेवत नाही, आणि तिथे प्रदेशाचा खटका उघड दिसतो, हवा तेव्हा बंद करता येतो. त्याचे बरेचसे दुवे मायक्रोसॉफ्टच्या बिंगकडून येतात. मराठी शब्दांवर मला तिथे यादी तोकडी वाटते. नेदरलँड्समधलं स्टार्टपेज तुमची ओळख मधे गाळून गूगलचे निकाल आणून देतं. गूगलचीच यादी, पण हिस्टरीशिवाय हवी असणाऱ्यांसाठी ते सोयीचं आहे.

डकडकगोने 2018 मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली होती. त्यात लॉगआउट आणि खाजगी खिडकीतही लोकांना वेगवेगळे निकाल दिसल्याचं म्हटलं होतं. ती अजूनही फिरते. वाचताना एवढं पाहा की ती स्पर्धक कंपनीची आहे, आणि खाजगी खिडकीत फरक राहिला याचा अर्थ हिस्टरी वापरली गेली असाच होत नाही. प्रश्न १ मधली इतर कारणं तिथेही लागू आहेत.

११. यूट्यूबवर एकाच प्रकारचे व्हिडिओ येतात. सर्च हिस्टरी बंद करूनही फरक नाही. का?

कारण यूट्यूब मुख्यतः पाहिलेल्या व्हिडिओंच्या हिस्टरीवर चालतं आणि तिचा खटका वेगळा आहे. `myactivity.google.com` वर `YouTube History` शोधा. ती बंद करून जुनी पुसलीत तर मुखपृष्ठ जवळजवळ रिकामं दिसेल. ऑगस्ट 2023 पासून ही पद्धत आहे. घाबरू नका, काही बिघडलेलं नसतं. `Subscriptions` या टॅबमध्ये तुम्ही निवडलेल्या वाहिन्यांचे व्हिडिओ क्रमाने दिसतात, आणि शोधाची पट्टी चालूच असते. माझ्या मते यूट्यूब वापरण्याची हीच सर्वांत निरोगी रीत आहे.

हिस्टरी ठेवायची असेल तर नको असलेल्या व्हिडिओवर नापसंतीचा अंगठा दाबत बसू नका. मोझिला फाउंडेशनने 2022 मध्ये ही बटणं तपासली. ‘या वाहिनीचे व्हिडिओ सुचवू नका’ या बटणाने नको असलेल्या शिफारशींपैकी 43 टक्के टळल्या, हिस्टरीतून व्हिडिओ काढल्याने 29 टक्के, नापसंतीने 12 आणि ‘रस नाही’ने 11 टक्के. म्हणून वाहिनीच बंद करा, आणि चुकून पाहिलेला व्हिडिओ हिस्टरीतून काढा.

घरच्या टीव्हीवर सगळ्यांचं एकच खातं असेल तर नातवंडांची कार्टून्स आणि आजोबांची कीर्तनं एकाच हिस्टरीत जातात. टीव्हीच्या यूट्यूबमध्ये पाहुण्यासाठी वेगळी सोय आहे, मुलांना ती लावून द्या.

१२. हिस्टरी बंद आहे, `pws=0` ही लावलं. तरी बातम्यांत एकच वर्तमानपत्र वर येतं. आता काय?

तुम्ही किंवा घरातल्या कुणीतरी ते आवडतं म्हणून निवडलेलं आहे का, ते पाहा. ऑगस्ट 2025 मध्ये गूगलने अमेरिका आणि भारतात `Preferred sources` ही सोय आणली. बातम्यांच्या चौकटीत `Top stories` या शीर्षकाशेजारच्या चिन्हावर दाबून वर्तमानपत्रं निवडता येतात आणि मग त्यांच्या बातम्या त्या चौकटीत जास्त दिसतात. ‘आम्हाला निवडा’ अशी विनंती अनेक संकेतस्थळं करतात. तिथे एकदा सहज दाबलेलं बटण विसरून जातं. त्याच चिन्हावर जाऊन निवड काढता येते.

दुसरी शक्यता अशी की तुम्ही सर्च पाहतच नाही आहात. अँड्रॉइड फोनवर मुख्य पडद्याच्या डावीकडच्या पानावर गेल्यावर किंवा गूगल ॲप उघडल्यावर जी बातम्यांची रांग येते ती `Discover`. ती सर्वस्वी तुमच्या आवडीवर बेतलेली असते. ॲपच्या सेटिंगमधून ती बंद होते. आणि `Web` हा फिल्टर, म्हणजे पत्त्यातलं `udm=14`, पानावरच्या चौकटी काढून नुसते दुवे दाखवतो. त्याचा वैयक्तिकीकरणाशी संबंध नाही.

१३. सगळे खटके बंद केले, तरी मला माझ्याच मताचे निकाल मिळतात. हे कसं?

तुमचा प्रश्नच तसा असणार. ‘हळदीने सांधेदुखी बरी होते का’ असं टाइप केलंत तर ते शब्द असलेली पानं वर येतात, आणि ती बहुधा ‘हो’ म्हणणाऱ्यांनी लिहिलेली असतात. ‘हळदीच्या गोळ्यांचे दुष्परिणाम’ शोधणाऱ्याला दुसरंच जग दिसतं. दोघांची हिस्टरी कोरी असली तरीही. 2025 मध्ये अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आलेल्या एका संशोधनाने हेच प्रयोगांनी दाखवलं : लोक आपल्या आधीच्या समजुतीकडे झुकलेले शब्द टाकतात, अरुंद प्रश्नाला अरुंद उत्तरं मिळतात, आणि समजूत होती तिथेच राहते. निकाल मुद्दाम व्यापक केले तेव्हा मात्र लोकांनी मत बदलण्याची तयारी दाखवली.

म्हणून तोच विषय तीन प्रकारे शोधा. एकदा बाजू न घेता : ‘हळद सांधेदुखी संशोधन’. एकदा उलट बाजूने : ‘हळद सांधेदुखी उपयोग नाही’. आणि एकदा इंग्रजीत : `turmeric osteoarthritis trial`. आरोग्याच्या बाबतीत मराठी पानांमध्ये एकमेकांची नक्कल इतकी आहे की तिसरी पायरी मी कधीच गाळत नाही.

१४. माझी बहीण जर्मनीत आहे. तिला ॲपमध्ये शिफारशी बंद करण्याचा पर्याय दिसतो, मला नाही. असं का?

युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्याच्या कलम 38 मुळे. अतिशय मोठ्या मंचांना आणि सर्च इंजिनांना, वापरकर्त्याच्या प्रोफाइलवर न चालणारा किमान एक पर्याय तिथे द्यावा लागतो. ऑगस्ट 2023 पासून मोठ्या कंपन्यांना तो लागू झाला. भारताच्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात असा हक्क नाही, आणि तो असायला हवा असं मला ठामपणे वाटतं. तोवर फेसबुकवर `Feeds` आणि इन्स्टाग्रामवर `Following` निवडलंत तर निदान क्रमवार नोंदी दिसतात. ॲप पुन्हा उघडल्यावर ते बहुधा मूळ फीडवर परततं, त्यामुळे दरवेळी निवडावं लागेल.

१५. ‘अमक्या नेत्याचं नाव टाका, गूगल काय दाखवतं बघा’ असा स्क्रीनशॉट ग्रुपवर फिरतो. तो पुरावा मानावा का?

एकट्या स्क्रीनशॉटवरून नाही. तो कुठल्या गावातून, कुठल्या भाषेत, किती वाजता, लॉगइन असताना की नसताना घेतला हे त्यात दिसत नाही, आणि बहुतेक वेळा पानाचा तळही कापलेला असतो. आधीची दहा मिनिटं त्या माणसाने काय शोधलं तेही माहीत नसतं. स्वतः पडताळायचं असेल तर प्रश्न ४ ची पद्धत वापरा आणि वेगळ्या शहरातल्या दोघा-तिघांना त्याच मिनिटाला तेच अक्षरशः तसंच टाइप करायला सांगा. शोधाच्या पट्टीखाली आपोआप सुचणारे शब्द आणि प्रत्यक्ष निकाल यांत गल्लत करू नका, सुचणाऱ्या शब्दांवर तुमच्या जुन्या सर्चचा परिणाम उघडपणे होतो. स्वतः असा स्क्रीनशॉट पाठवणार असाल तर पत्त्याची पट्टी, वेळ आणि तळाशी लिहिलेलं ठिकाण चित्रात येऊ द्या.